उद्या पाणी येणार नाही

शाळेतील चाकरी संपली म्हणजे मास्तराच्या हातची छडी सुटते, पण खडू काही सुटत नाही. पुण्यात आम्ही ज्या इमारतीत राहतो तेथील सहकारी गृहसंस्थेच्या मंडळींनी निवृत्तीनंतर वर्षभरातच मला चिटणीस केले. कारण विचारता उत्तर मिळाले, "मास्तर, तुमचे अक्षर चांगले आणि भाषा शुद्ध. सूचना लिहायला असाच माणूस पाहिजे." तीस-बत्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवलेल्या माणसाला ह्याहून गोड खुशामत कोणती? मी तत्काळ होकार दिला. ह्या शुद्ध भाषेने पुढे काय घडविले तेच आज सांगावयाचे आहे. प्रसंग तसा क्षुल्लक, म्हणजे पाण्याच्या टाक्या धुण्याचा. परंतु त्यात दोन माणसांचा जीव थोडक्यात वाचला, म्हणून तो मला क्षुल्लक म्हणवत नाही.

प्रथम आमच्या इमारतीची माहिती देणे अवश्य आहे. इमारत तीन मजली, बिऱ्हाडे चोवीस, माणसे लहानमोठी धरून सुमारे शंभर. महापालिकेचे पाणी आमच्या भागात सकाळी सहा ते आठ एवढा वेळ येते. ते प्रथम जमिनीखालच्या वीस हजार लिटरांच्या टाकीत पडते, तेथून मोटारीने गच्चीवरील दहा हजार लिटरांच्या टाकीत चढते आणि मग नळांवाटे घरोघर उतरते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असा एक मान्य हिशेब आहे. त्या मानाने आम्हांला दिवसाला साडेतेरा हजार लिटर लागते. म्हणजे गच्चीवरची टाकी एकदा भरली तर दिवसभर पुरत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

टाकीच्या तळाशी गाळ बसतो, पावसाळ्यात गढूळ पाण्याबरोबर तो अधिक येतो, भिंतींना बुळबुळीत थर धरतो. म्हणून साधारण सहा महिन्यांनी टाकी धुवावी लागते. २०२३ सालच्या मे महिन्यात हे काम माझ्या कारकिर्दीत प्रथमच निघाले. रविवार, ता. १४ हा दिवस ठरला. दोन्ही टाक्या एकाच दिवशी धुवून मोकळे व्हावे असा समितीचा विचार झाला आणि सूचना लिहिण्याचे माझ्याकडे आले. शनिवारी दुपारी मी ती सुवाच्य अक्षरात लिहून जिन्याखालच्या फळ्यावर लाविली. तिचा मजकूर मी जपून ठेविला आहे, तो असा:

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेच्या भूमिगत व ऊर्ध्वस्थित जलकुंभांचे निर्मलीकरण उद्या प्रातःकाळापासून योजिले असल्याने कार्यसमाप्तीपर्यंत जलपुरवठा खंडित राहील. तरी सभासदांनी आवश्यक तो जलसंचय करून सहकार्य करावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

एखाद्या विद्यार्थ्याने हे लिहिले असते तर मी दहापैकी नऊ गुण दिले असते. एक गुण 'क्षमस्व'साठी कापला असता, कारण क्षमा मागताना ती कोणापाशी मागतो हे सांगावे. सूनबाईने मात्र वाचून विचारले, "बाबा, पण पाणी जाणार कधी आणि येणार कधी?" मी म्हणालो, "लिहिले आहे की, कार्यसमाप्तीपर्यंत." ती हसली आणि घरात गेली. मला तेव्हाच काही समजावयास हवे होते.

त्या शनिवारी सायंकाळी सूचना सर्वांनी वाचिली आणि चोवीस घरांत एकदम भांडी भरावयास सुरुवात झाली. 'आवश्यक तो जलसंचय' म्हणजे किती, हे मी सांगितले नव्हते. पाणी किती वेळ जाणार हेही सांगितले नव्हते. अशा स्थितीत शहाणा गृहस्थ काय करील? तो हाताशी येईल ते सर्व भरून ठेवील. पिंपे भरली, बादल्या भरल्या, परात भरली, एका घरी तर नातवाचे अंघोळीचे टब भरून दिवाणखान्यात मांडिले. घरटी तीनशे लिटर म्हटले तरी चोवीस घरांचे सात हजार दोनशे होतात. इकडे टाकी धुताना पाणी फुकट जाऊ नये म्हणून मुकादमाच्या सांगण्यावरून आम्ही जमिनीखालच्या टाकीत सकाळपासून पाणी घेतलेच नव्हते. ती तळाशी गेली होती, आणि गच्चीवर जेमतेम सहा हजार लिटर उरले होते. परिणाम असा झाला की, रविवारी सकाळी जावयाचे पाणी शनिवारी रात्री पावणेदहा वाजताच गेले. ज्यांनी आधी भरिले त्यांचे घर तुडुंब, आणि रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्यांच्या घरी पिण्यापुरतेही नाही.

सूचनेमुळेच टंचाई उत्पन्न व्हावी, हा प्रकार माझ्या कल्पनेबाहेरचा होता. आता विचार करता त्यात नवल काहीच दिसत नाही. पाणी जाणार अशी वार्ता देणे म्हणजे सर्वांनी एकाच वेळी नळ उघडावे असा हुकूम सोडण्यासारखेच आहे. तो हुकूम सोडावयाचा तर टाकी आधी भरलेली पाहिजे, आणि कोणी किती घ्यावे ते सांगितले पाहिजे. त्यातले सोमवारी सकाळी 'शिळे' म्हणून मोरीत किती ओतले गेले, ते मोरीलाच ठाऊक.

रविवारी नऊ वाजता माणसे आली व जमिनीखालच्या टाकीत उतरली. काम असे असते. झाकण उघडून टाकी काही वेळ मोकळी ठेवावयाची, कारण बंद टाकीतील हवा कोंदट असते आणि कित्येकदा माणसाला घेरी येते. मग उरलेले वीतभर पाणी व गाळ उपसावयाचा, भिंती व तळ ताठ ब्रशाने घासावयाचे, जोराच्या फवाऱ्याने धुवावयाचे, ते मळके पाणी पुन्हा उपसावयाचे आणि शेवटी ब्लीचिंग पावडरीचे पाणी भिंतींना लावून अर्धा तास थांबावयाचे. ह्या सर्व वेळात एक माणूस वर झाकणाशी बसून राहिला पाहिजे. आत दोघे होते, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून तळ घाशीत होते. आमची मोटार ह्याच टाकीत बुडवून ठेविलेली असते व तिची तार पाण्यातूनच वर येते.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक सद्गृहस्थ खाली उतरले. त्यांच्या मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या, घरात पाणी संपलेले, जीव मेटाकुटीस आलेला. रखवालदार चहाला गेला होता. गृहस्थांना वाटले की, ह्याने नित्याप्रमाणे मोटार लावावयाचे विसरून टाकिले. त्यांनी मोटारीच्या खोलीत जाऊन बटण दाबिले.

टाकीतून जी आरोळी उठली ती मी तिसऱ्या मजल्यावर ऐकिली. मोटार चार-पाच क्षण घरघरली असेल. झाकणाशी बसलेला मुकादम धावत जाऊन ती बंद करिता झाला. तारेचे वेष्टन शाबूत होते म्हणून पाण्यात वीज उतरली नाही. ते कोठे फाटलेले असते तर काय झाले असते, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. दोन्ही पोरे वर आली तेव्हा त्यांच्या अंगाला कापरे भरले होते. त्यांतला धाकटा माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांच्याच वयाचा असावा.

मी त्या गृहस्थांना दोष देऊ लागलो. ते बिचारे पांढरे पडले होते. तेव्हा मुकादम, पन्नाशीचा, खेड्यातून आलेला माणूस, मला बाजूस घेऊन म्हणाला, "मास्तर, त्यांना बोलू नका. तुमचा कागुद म्या पोराकडून वाचून घेतला. त्यात पाण्याचं लिवलंय, माफीचं लिवलंय. आत माणसं हायती, आन् मोटरला हात लावू नका, हे कुठं लिवलंय?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. मी सूचना लिहिली ती पाणी वापरणारांसाठी. टाकीत उतरणारांसाठीही ती असते, हे मला एका निरक्षर माणसाने शिकविले.

त्या दिवसाची उरलेली हकीकत थोडक्यात सांगतो. दोन्ही टाक्या चार वाजेपर्यंत स्वच्छ झाल्या, पण भरावयास पाणी कोठे होते? महापालिकेचे पाणी सोमवारी सकाळी सहाला यावयाचे. म्हणजे काम चारला संपले तरी पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत येणार नव्हते, आणि माझी 'कार्यसमाप्ती' खोटी ठरली. शेवटी दहा हजार लिटरांचा टँकर मागविला. रात्री आळंदीहून परतलेल्या एका कुटुंबाने फळ्यावरील सूचनेत 'उद्या' हा शब्द वाचिला. सूचनेवर तारीख नव्हतीच, म्हणून त्यांनी सोमवारच्या बेगमीसाठी टँकरच्या पाण्याने सारी भांडी भरून टाकिली. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी तीन मुले गावी जाताना नळ उघडा ठेवून गेली होती. नळाला पाणी नव्हते, तेव्हा तो उघडा आहे की बंद हे त्यांच्या ध्यानी आले नाही. टँकरचे पाणी नळांत खेळू लागले आणि मध्यरात्री खालच्या आजींच्या स्वयंपाकघरात छतातून धार लागली.

मे महिन्यातील तक्रारींची वही मी पुढे अनेकदा वाचिली. गंमत अशी की, टाकी धुतल्याबद्दल तीत एकही तक्रार नव्हती. कित्येकांना तर पाणी गेल्याचेही फारसे दुःख नव्हते. सगळी तक्रार एकच होती, की "आम्हांला ठाऊक नव्हते." आणि सूचना तर सर्वांनी वाचिली होती!

दुसरा प्रसंग डिसेंबरात आला. ह्या वेळी मी लेखणी उचलण्यापूर्वी मुकादमाला घरी बोलाविले. सौ.नी त्याला चहा दिला, आणि मी वही घेऊन शिष्यासारखा बसलो. त्याने जे समजाविले त्याचे सार असे की, सूचना चांगली हवी असेल तर आधी काम नीट लाविले पाहिजे. दोन्ही टाक्या एका दिवशी रिकाम्या करणे हीच मुळात चूक होती. खालची टाकी शनिवारी दुपारी धुवावी. त्या वेळी वरची टाकी पूर्ण भरलेली असावी, म्हणजे नळाचे पाणी जातच नाही. दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चोवीस घरांना पाचसहा हजार लिटर पुष्कळ होते. रविवारी सकाळी सहाला महापालिकेचे ताजे पाणी धुतलेल्या टाकीत पडेल. मग दहा वाजता वरची टाकी बंद करून धुवावी, आणि खाली भरून ठेविलेले स्वच्छ पाणी लगेच वर चढवावे. खालची आधी व वरची नंतर हा क्रमही महत्त्वाचा, नाही तर धुतलेल्या वरच्या टाकीत खालचा गाळ चढतो. ह्या रीतीने जे पाणी मे महिन्यात अदमासे वीस तास गेले, ते आता पाच-सहा तासांवर येत होते. टँकरचेही काम नव्हते.

वार ठरविताना कंत्राटदार म्हणाला, शुक्रवार द्या, रविवारी माणसे मिळत नाहीत. मी मान्य केले नाही. पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेविते तेव्हा तो वार बहुधा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी पाणी उशिरा व कमी दाबाने येते, हे पुणेकरांना सांगावयास नको. धुतलेली टाकी भरण्यासाठी ज्या पाण्याचा भरवसा, तेच अशा शुक्रवारी लंगडते. शेवटी शनिवार-रविवार, ता. २ व ३ डिसेंबर हे दिवस नक्की केले. तत्पूर्वी मी आठ दिवस आधी घरोघर जाऊन विचारिले की, त्या दिवशी कोणाकडे श्राद्ध, बारसे, पाहुणे असे काही आहे काय. एका घरी वर्षश्राद्ध होते, पण शनिवारी, आणि शनिवारी नळ चालूच राहणार होते. त्या वहिनींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी दोनदा सांगितले.

वेळेचा हिशेबही मी मुकादमाकडून घेतला. टाकी रिकामी करून घासावयास दोन तास, ब्लीचिंग लावून थांबावयास अर्धा, पुन्हा धुवून उपसावयास अर्धा, आणि मोटार तासाला सुमारे पाच हजार लिटर चढविते त्या मानाने अर्धी-अधिक टाकी भरावयास दीड तास. म्हणजे अडीच वाजता पाणी सुटू शकेल. मी सूचनेत चार लिहिले. अडीच लिहून तीनला पाणी आले तर शिव्या मिळतात, आणि चार लिहून तीनला आले तर माणसे खूश होतात. ह्यात लबाडी नाही, कारण जुन्या इमारतीत काही ना काही अडतेच.

ब्लीचिंगच्या प्रमाणाबद्दलही मी त्याला छेडले. पूर्वी हे लोक मूठभर टाकीत, मग दोन दिवस चहाला औषधाचा वास. भिंतींना लावण्याच्या पाण्यात लिटरला दोनशे मिलिग्रॅम क्लोरीन पुरते. चांगल्या पावडरीत चौथा हिस्सा क्लोरीन धरिला तर वीस लिटरांच्या बादलीस सोळा ग्रॅम पावडर होते. पावडर जुनी व दमट असेल तर तिचे तेज जाते, म्हणून बंद पुडा समोर फोडावयास लाविला.

मग सूचना लिहिली. ह्या वेळी कागद समोर ठेवून मी आमच्या मोलकरणीला वाचून दाखविला, आणि तिला जो शब्द अडला तो खोडला. 'भूमिगत' अडला, तेथे 'जमिनीखालची' आले. 'खंडित' गेला, 'बंद' आला. मला थोडे वाईट वाटले हे कबूल करितो. अखेरचा मजकूर असा झाला:

"रविवार, ता. ३ डिसेंबर २०२३. सकाळी १० पासून दुपारी ४ पर्यंत नळाला पाणी येणार नाही. गच्चीवरील टाकी धुवावयाची आहे. शनिवारी जमिनीखालची टाकी धुतील, पण शनिवारी नळ चालू राहतील. टाकी भरलेली आहे. शनिवारी रात्री पाणी भरू नये. रविवारी सकाळी ७ ते १० ह्या वेळात घरटी चार बादल्या व पिण्याचे एक भांडे भरावे, एवढे पुरते. टाकीत माणसे उतरलेली असतील. मोटारीच्या बटणाला कोणीही हात लावू नये. पाणी नसताना नळ उघडून पाहिल्यास आठवणीने बंद करावा. बाहेरगावी जाणारांनी घरातील मुख्य कॉक बंद करून जावे. गीझर बंद ठेवावा. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे येणारे पाणी फरशी पुसण्यास वापरावे, पिण्यास घेऊ नये. औषधाचा थोडा वास येईल, तो रात्रीपर्यंत जातो. अडचण असल्यास तिसऱ्या मजल्यावर मास्तरांकडे यावे."

ह्यातील काही गोष्टींची कारणे वाचकांस सांगावी असे वाटते. गीझर बंद का, तर टाकीचे पाणी उतरले व गीझर कोरडा पडला असता विजेची कांडी जळते. पहिले पाणी का टाकावे, तर रिकाम्या नळांत हवा शिरते, पाणी परत येताना ती फुसफुसत बाहेर पडते आणि नळांच्या आतील गंज व माती हलवून आणते. पांढऱ्या पेल्यात धरून पाहावे. पाणी नितळ दिसले आणि वास तरणतलावासारखा पण सौम्य असला तर चिंता नाही. पाणी हवेने दुधासारखे दिसले तर क्षणभर ठेवावे, तळाकडून स्वच्छ होत जाते. परंतु वासाने डोळे चुरचुरत असतील तर टाकी धुतल्यावर नीट विसळली गेली नाही असे समजून चिटणिसास हाक मारावी.

सूचना कोठे लावावी हाही प्रश्न होता. जिन्याखालच्या फळ्याकडे पाहण्याची सवय लोकांस उरलेली नाही. मोबाइलवरील गटात सूनबाईने टाकिली, पण तासाभरात ती सुप्रभातीच्या फुलांखाली गाडली गेली. म्हणून तिने शनिवारी सायंकाळी व रविवारी सकाळी सातला ती पुन्हा टाकिली. मी एक प्रत प्रत्येक मजल्यावर, एक फाटकावर आणि एक मोटारीच्या खोलीच्या दारावर डकविली. ह्या शेवटच्या प्रतीवर तांबड्या शाईने एकच ओळ होती. शिवाय दुसऱ्या मजल्यावरील आजींना मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, मोबाइलही त्या वापरीत नाहीत. त्यांच्याकडे शनिवारी जाऊन तोंडी सांगितले. त्या म्हणाल्या, "मास्तर, वाड्यात होतो तेव्हा चौकातला नळ जायचा असला की कोणीतरी ओरडून सांगायचं. तुम्ही कागद कशाला लावता?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. चार बादल्या मीच भरून देईन असे कबूल केले व रविवारी नातवाकडून भरविल्या.

आणि मोटारीचे काय? केवळ कागदावर माझा विश्वास उरला नव्हता. दोन्ही दिवशी, माणसे टाकीत उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढले आणि ते मुकादमाच्या खिशात दिले. टाकीतून सर्व माणसे वर आल्यावर त्यानेच ते परत बसवावयाचे. सूचना वाचणाराने न वाचल्यासारखे केले तरी फ्यूज नसलेली मोटार सुरू होत नाही.

रविवारी सर्व व्यवस्थित चालले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. दहाला वरची टाकी बंद केली, पण तिच्या तळाकडून गाळ सोडण्याचा व्हॉल्व गंजून बसला होता, तो फिरवता फिरवता तुटला. मग दीड-दोनशे लिटर चिखलपाणी बादल्यांनी उपसावे लागले, व्हॉल्वच्या जागी नवा आणून बसवावा लागला. दुपारी एक वाजता माझ्या ध्यानी आले की चार काही साधत नाही. मी लगेच नवा कागद लिहिला: "१ वाजता. व्हॉल्व तुटल्याने काम लांबले आहे. पाणी ४ ऐवजी ६ पर्यंत येईल. पुढची खबर ४ वाजता." सूनबाईने तो गटात टाकिला, नातवाने मजल्यामजल्यावर लाविला. समितीतील एक मित्र म्हणाले, आताच कशाला सांगता, चार वाजेपर्यंत थांबा, कदाचित जमेल. पण चारला सांगितले असते तर ज्यांनी चारच्या भरवशावर दुपारी भांडी घासली त्यांना काय तोंड दाखविले असते? एक वाजता कळल्यावर बायकांनी उरलेली बादली राखून ठेविली. चारला मी पुन्हा लिहिले की टाकी भरू लागली आहे, सहाचे सहाच. साडेपाचला पाणी सुटले.

दोन तक्रारी आल्याच. एकांना पाणी मातकट आले. चौकशीअंती कळले की त्यांनी पहिलेच पाणी पिंपात भरिले. दुसऱ्या तक्रारीत माझीच चूक निघाली. जे लोक रात्रपाळीहून सकाळी येऊन दुपारी एकला उठतात, त्यांना सात ते दहा ह्या वेळात पाणी भरणे कसे शक्य? असे एक बिऱ्हाड आमच्याकडे आहे, आणि मी घरोघर गेलो तेव्हा त्यांचे दार बंद म्हणून पुढे सरकलो होतो. त्यांना आमच्या पिंपातले दोन हंडे दिले. पुढच्या खेपेस बंद दारांची वेगळी यादी करावयाची हे वहीत लिहून ठेविले आहे.

मे महिन्यात ज्यांनी बटण दाबिले होते ते सद्गृहस्थ त्या रविवारी सकाळपासून मोटारीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. कोणी त्यांना सांगितले नव्हते. मातोश्रींची सोय त्यांनी आधीच करून ठेविली होती. पाणी सुटल्यावर मुकादम खाली आला, त्याने फ्यूज बसविलेले त्यांना दाखविले, आणि दोघे बराच वेळ काही न बोलता चहा पीत बसले.

मी जिना चढता चढता मजल्यामजल्यावरील सूचना काढून घेतल्या. जुन्या सूचनेतील 'उद्या' फार वाईट असतो.